मध्यरात्र उलटल्यावर

आई गेल्यावर मी पुण्याची नोकरी सोडून नागपूरला परत आले, ते मनीषनगरच्या तिच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीचं काम घरून करायचे. दिवसभर बोलणं व्हायचं ते दूधवाल्याशी आणि फोनवर आमच्या साहेबांशी, तेही कामापुरतं.

धंतोलीतल्या एका दवाखान्यानं आमच्याकडून रिपोर्ट मराठीत करून घेतले होते. महिनाभरानं त्यांची तक्रार आली की पेशंट रिपोर्ट घेऊन सारखे काउंटरवर विचारायला येतात. साहेब म्हणाले, जाऊन बघून या. घराबाहेर पडायला कारण मिळालं म्हणून मी लगेच गेले.

सकाळचे दहा वाजले असतील. बाकावर सत्तरीच्या एक मावशी पिशवी उशाला घेऊन आडव्या झाल्या होत्या. मी शेजारी बसले तशा उठल्या आणि कागद पुढे केला.

"वाचून दे ना वं, बाई. डॉक्टर कधी येते, लिहिलं आहे का यात?"

कागदावर होतं, 'पुढील भेट : ०७/०८, १२:३० म.उ.'

"आज दुपारी साडेबाराला, मावशी. अजून वेळ आहे."

"दुपारी?" त्यांनी कागद परत हातात घेतला. "आमच्या शेजारच्या मास्तरनं तं सांगतलं, म.उ. म्हंजे मध्यरात्र उलटल्यावर. म्हून मी काल संध्याकाळीच खापरखेड्याहून आली. रात्री साडेबाराले कोणीच नाही आलं. चौकीदार म्हणे, बसून राहा."

म.उ. म्हणजे मध्यान्होत्तर, दुपारी बारानंतर. आमच्या प्रोग्रामनं घेतलेल्या तारीख-वेळेच्या तयार मराठी शब्दसंचात पीएमच्या जागी तेच बसवलेलं होतं. मराठीत असं कोणी बोलत नाही, हे तपासायला बहुधा कोणी बसलंच नव्हतं.

"सोबत कोणी नाही आलं?"

"मालक होते, पावर हाऊसात. गेले. पोरगा सुरतले राहते." मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "अन हे पाह्य. मांगच्या खेपेले डॉक्टर म्हणे, प्लेटलेट दीड लाख आहे, चांगल्या आहे. इथं तं एकशे पन्नास लिहून आहे. रातभर मले वाटे, माह्यापासून लपवून राहिले."

छापलं होतं १५०,०००. अंक देवनागरी होते, पण स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीनं तीन-तीन आकड्यांवर. मावशी स्वल्पविरामाशी थांबल्या होत्या. पुढची शून्यं त्यांच्या हिशेबात आलीच नाहीत. मी त्यांच्याच कागदावर पेननं १,५०,००० लिहिलं.

"आता वाचा."

"दीड लाख," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

डॉक्टर येईपर्यंत आम्ही बसून होतो. त्यांनी पिशवीतली भाकर अर्धी मला दिली. मी विचारलं, "मावशी, तुमच्याकडे संध्याकाळ किती वाजता होते?"

"घड्याळ पाहून होते का वं संध्याकाळ? ऊन उतरलं का झाली."

प्रोग्रामला ऊन कळत नाही, त्याला तास द्यावे लागतात. त्या आठवड्यात मी तेच केलं. चारपासून पहाटे, सहापासून सकाळी, बारापासून दुपारी, चारपासून संध्याकाळी आणि आठपासून रात्री. बारा तासांचंच घड्याळ ठेवलं, पण वेळेच्या आधी हा शब्द. तारखेत महिन्याचं नाव आणि सोबत वार, कारण रात्री बारानंतर तारीख बदलते आणि घरात मात्र ती कालचीच रात्र असते. हजाराच्या पुढे लाख, कोटी आपल्या पद्धतीनं. अक्षर थोडं मोठं केलं, बारीक छपाईत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसत होते.

साहेबांना 'दुपारी १२:३०' जरा गावठी वाटलं. "मध्यान्होत्तर म्हणजे काय, तुमच्या घरी विचारून बघा," मी म्हटलं. त्यांनी विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी बदल मंजूर झाला.

मावशींची पुढची भेट महिन्याभरानं होती, पण त्याआधी रक्त तपासून त्यांना नवा रिपोर्ट मिळणार होता. नवे रिपोर्ट चालतात का ते बघायचं, असं साहेबांना सांगून मी त्या दिवशी दवाखान्यात गेले. जाताना दोघींपुरती भाजी-पोळी घेतली होती.

त्या साडेबाराच्या थोड्याच आधी आल्या. काउंटरवर कागद दाखवला, कोणालाही काही न विचारता आत गेल्या आणि थोड्या वेळानं बाहेर आल्या. मला बघून त्यांना बरं वाटलं.

"वाचता आलं वं यावेळी, सारं. नंबर चुकला नाही." मग घाईनं म्हणाल्या, "येतो बाई, दोनची बस आहे."

मी डबा काढेपर्यंत त्या दारापाशी पोचल्या होत्या. हाक मारावीशी वाटली, पण बस चुकली असती. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, आता लोक विचारायला येतात का. ती म्हणाली, "नाही मॅडम, आता कोणी नाही येत."

साहेबांना फोन करून तसं कळवलं. त्याच बाकावर बसून मी जेवले. शेजारी एक जोडपं आपला कागद एकमेकांना वाचून दाखवत होतं, हळू आवाजात, न अडखळता. त्यांचं वाचून होईपर्यंत मी थांबले आणि मग मनीषनगरची ऑटो पकडली.