निवडलेल्या तारखेची चौकट

ऑफिसात तिला पाठीमागे फौजदारबाई म्हणत, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. बटणं, रकाने, कॅलेंडर अशा स्क्रीनवरच्या तयार भागांचा कंपनीचा एक संच होता. तो माउसशिवाय नीट चालतो का, हे बघणं तिचं काम. सकाळी येताच ती माउस खणात टाकायची आणि कीबोर्डवरची टॅबची कळ दाबत सुटायची. आपण कुठे आहोत हे दाखवणारी निळी चौकट क्षणभर जरी दिसेनाशी झाली, तरी तिच्या कपाळाला आठी.

नवा डिझायनर फार गोड बोलायचा, म्हणून तिला तो आवडत नव्हता. "मॅडम, कॅलेंडरच्या सगळ्या अवस्था चित्रांच्या तक्त्यात आहेत," तो म्हणाला. होत्याही. साधा दिवस, निवडलेला दिवस, चौकट आलेला दिवस, ओळीने मांडलेले. इतकं नीटनेटकं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिच्या मनाने घेतलं.

तिने खरं कॅलेंडर उघडून टॅब दाबला. चौकट गायब. पुन्हा दाबला, तर चौकट थेट खालच्या बटणावर. मग उलटं येऊन तिने बाणाची कळ दाबली, तेव्हा शेजारच्या तारखेवर चौकट उमटली. म्हणजे आधी ती निवडलेल्या तारखेवरच होती. निळ्या तारखेवर निळी चौकट, दिसणार कशी? निवडलेली आणि शिवाय चौकट आलेली तारीख तक्त्यात नव्हतीच.

"चित्र कोणी काढून टाकलं?"

"मी हातही लावला नाही, मॅडम."

चोर असंच म्हणतो. तिने तक्त्याच्या फाइलचा जुना इतिहास उघडला. ते चित्र कधी नव्हतंच. तक्ता दोन वर्षांपूर्वीचा, आणि खाली शेरा, 'तपासले, मान्य.' शेरा तिचाच होता.

तिला घाम फुटला. लाजेने, आणि दादाच्या आठवणीने. आजारपणानंतर त्याचे हात थरथरायचे, माउस धरवत नसे. दवाखान्याची वेळ घ्यायचा फॉर्म याच संचातून बनलेला, आणि दर महिन्याला त्याचा फोन यायचा, "अगं, तारखेपाशी मी हरवतो. तूच भर ना." तिला वाटायचं, हा आळस करतो, मला राबवून घेतो. एकदा तर ती फाडकन म्हणाली होती, "तुला शिकायचंच नाहीये." तेव्हापासून फोन वहिनी करायची.

तिने डिझायनरची माफी मागितली. निवडलेल्या तारखेभोवती आधी पांढरी फट, मग गडद चौकट, असं नवं चित्र दोघांनी तक्त्यात घातलं. मग तिने दादाला फोन लावला.

"दादा, तारखेवरची चौकट खरंच दिसत नव्हती. चूक माझी होती. मीच ती पास केली होती."



"मला वाटलं होतं," तो हळूच म्हणाला, "हातांमागोमाग आता डोकंही चाललं."