तयारी त्याची, भीती माझी

दीड-दोन वर्षं आमच्या घरात त्याची ओळख एकच होती: लटकवणारा. हे नाव काकाने ठेवलेलं. काकाचं उज्जैनच्या फ्रीगंजात दुकान आहे आणि राग आला की तो सरळ हिंदीत शिरतो. "छोरी को लटका के रखा है," असं तो जेवता जेवता म्हणायचा आणि आई पोळी वाढताना माझ्याकडे बघायची. मी मात्र तावातावाने त्या लटकवणाऱ्याची बाजू घ्यायचे. त्या भांडणात मला जरा जास्तच मजा यायची.

आम्ही भेटलो गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमीत. पुढे दोन्ही घरी कळलं, साखरपुड्याची बोलणी निघाली, आणि नेमका त्याच सुमारास त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. महिन्याभराने त्याने मला टॉवर चौकात बोलावलं आणि रसाच्या गाडीपाशी उभ्या उभ्या सांगितलं, "मी आत्ता लग्न नाही करू शकत. रात्री बाबांना उठवावं लागतं, आईच्याने होत नाही. तू आत्ता आलीस तर पहिल्या दिवसापासून नर्स होशील. आणि मी ते होऊ देईन, कारण मी थकलेला असेन. बाबा काठीने स्वतःचे स्वतः चालायला लागले आणि माझी इंदूरहून इथे बदली झाली, की मी तयार. पुढच्या दिवाळीनंतर येऊन सांगतो, हो किंवा नाही. तोवर तू मोकळी आहेस. घरी असंच सांग."

मी घरी असंच सांगितलं. कुणाचाच विश्वास बसला नाही. आईने सुचवलं, निदान साखरपुडा तरी उरकून घ्या. त्यालाही तो नाही म्हणाला. अंगठी घालून थांबवणं म्हणजे हिला अडकवणं, असं त्याचं म्हणणं. झालं, काकाला पुरावाच मिळाला. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसत होतं? आमच्याकडच्या लग्नकार्यांना न येणारा, दोन मिनिटांत फोन ठेवणारा, अंगठीला घाबरणारा एक माणूस. त्याचं कारण एकदाही बदललं नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी रविवारी नानाखेड्याला त्यांच्या घरी जायचे. वडील आधी भिंत धरून चालायचे, मग वॉकरने, मग काठीने. बदलीचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा त्याने दुसरा केला, आणि तेही मला सांगितलं.

माझ्यात काय चाललंय तेही कुणाला दिसत नव्हतं. "आज बाबा दारापर्यंत गेले," असा त्याचा फोन आला की मी घाईने विषय बदलायचे. एकदा वडील पडले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. तो फोनवर रडला, मी त्याची समजूत घातली. फोन ठेवल्यावर मला परीक्षा पुढे ढकलल्यासारखं हलकं हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मला इतकी भीती वाटली की मी घाईघाईने शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या.

दिवाळी झाली आणि तो सांगितल्याप्रमाणे आला. सोबत आई आणि काठी टेकत चालणारे वडील. बदली झाली होती. चहा व्हायच्या आतच तो माझ्या बाबांना म्हणाला, "काका, मी आता तयार आहे." सगळे हसले, माझा काकासुद्धा, आणि आईचे डोळे भरले. आणि मी बोलून गेले, "पण पुढच्या वर्षी सिंहस्थ लागतोय ना? सगळे रस्ते खोदून ठेवलेत. इतकी घाई कशाला, सिंहस्थ होऊन जाऊ दे."

गुरू सिंह राशीत गेला की आमच्याकडे लग्नं होत नाहीत, हे उज्जैनमध्ये कुणाला समजवावं लागत नाही. सिंहस्थाचं नाव काढलं की कुणी वाद घालत नाही. आई कौतुकाने म्हणाली, "किती समजूतदार आहे बघा. एवढी थांबली, अजून थांबायला तयार." तो मात्र माझ्याकडे बघतच राहिला.

आठवड्याभरात त्याच्या आईने गुरुजींकडून माघातला मुहूर्त काढून आणला, सिंहस्थ लागायच्या कितीतरी आधीचा. मी म्हटलं, शाळेच्या परीक्षा. त्याने दाखवून दिलं की परीक्षा त्यानंतर आहेत. मी म्हटलं, तुमच्याकडची खोली अजून तयार नाही. त्याने खोलीला रंग देऊन घेतला. माझी कारणं एकेक करून संपत होती.

मग एका दुपारी तो मला चादरी बघायला भैरवगढला घेऊन गेला. ठशांच्या छपाईच्या छान चादरी, वेलबुट्टीच्या. दुकानदाराने एक उलगडली आणि विचारलं, "डबल बेड की दूँ?" मी "बाद में देखेंगे" म्हणून बाहेरच आले.

तो मागोमाग आला. "मी तयार नव्हतो, तेव्हा काय झालं की तयार होईन ते मला सांगता येत होतं," तो म्हणाला. "तू पण सांग ना. एक गोष्ट सांग, जी झाली की तू येशील."

मी मनापासून शोधलं. काही सापडलं असतं तर त्याला मिठीच मारली असती. "काहीच नाही," मी म्हटलं. "मला फक्त भीती वाटते. तू कंटाळशील, मी कंटाळेन, आणि मग परत फिरायला जागा नसेल. तू तयार नव्हतास तोवर मी मजेत होते."

तो दुकानाच्या पायरीवर बसला. "मतलब, शिव्या मी खाल्ल्या आणि लपलेली तू होतीस?"

"हो."

"यार, तयारी नसती तर मी कितीही थांबलो असतो. पण भीतीसाठी थांबून काय होणार? सिंहस्थानंतर ती कमी होणारे का?" तो उठून उभा राहिला. "उद्या गुरुजींना सांगायचंय. माझ्या आईला तूच फोन कर. हो म्हण नाहीतर नाही म्हण. बस, सिंहस्थ म्हणू नकोस. मी पुन्हा विचारायला येणार नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी आई-बाबांना सांगितलं की सिंहस्थाचं कारण खोटं होतं, माझंच मन धजत नाही. आई म्हणाली, "मग सिंहस्थाचंच सांग ना, कुणाला वाईट वाटणार नाही." तिचं खरं होतं. कुणालाच वाईट वाटलं नसतं, सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं असतं, आणि तो गेला असता. लग्नापेक्षा त्या क्षणी मला याची जास्त भीती वाटली. मी फोन लावला.

"काकू, माघातला मुहूर्त धरा," मी म्हटलं. "पण मला खूप भीती वाटते."

त्या खळखळून हसल्या. "अगं, मुलींना वाटतेच. लाजतेस कसली!" माझ्या बाजूला आईही हसत होती. मी घाबरून अर्धमेली झाले होते आणि दोन्ही घरांना मी लाजताना दिसत होते.

मग फोन त्याच्याकडे गेला. "काय सांगितलंस?"

"तारीख धरा म्हटलं."

"आणि भीती?"

"आहे तेवढीच आहे."

तो म्हणाला, "ठीक आहे. आता मलाही वाटायला लागली."