चलनाचा रकाना

कोलशेतच्या ज्या ऑफिसात मी सात वर्षं काम केलं, तिथे कारखान्यांचे जुने कागद स्कॅन होऊन यायचे आणि आम्ही ते संगणकाच्या तक्त्यात उतरवून द्यायचो. शेजारच्या टेबलावर एक काका बसायचे. आधीची पंचवीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासलेली. मला हे काम त्यांनीच शिकवलं.

एके वर्षी एका कारखान्याची मशिनच्या सुट्या भागांची यादी खेपाखेपांनी येऊ लागली. किमतीचा रकाना एकच, पण चलन ओळीगणिक वेगळं. कुठे रुपये, कुठे डॉलर, कुठे युरो. स्कॅन पुसट होता. सॉफ्टवेअर रुपयाच्या चिन्हाला सात समजायचं, मग ४८०चे ७४८० व्हायचे. डॉलरचा कधी एस व्हायचा, कधी पाच. युरोचं चिन्ह तर गाळूनच टाकायचं. काकांनी पहिल्याच दिवशी एका रकान्याचे दोन केले. रक्कम वेगळी, चलन वेगळं.

"रुपयात बदलत बसायचं नाही," ते म्हणाले. "कुठल्या दिवसाचा दर धरणार? कागदावर आहे तेच लिहायचं. आणि चिन्ह लागलं नाही तर प्रश्नचिन्ह टाकायचं. अंदाज करायचा नाही."

पहिल्या दोन खेपा त्यांनी एकट्याने करून पाठवल्या. तिसऱ्या खेपेपासून कारखान्याने दुहेरी तपासणी मागितली, म्हणून त्याच ओळी मीही स्वतंत्रपणे भरल्या आणि दोन्ही तक्ते ताडून पाहिले. रकमा सगळ्या जुळल्या. चलन मात्र एकोणीस ओळींत जुळेना.

आधी वाटलं, माझंच चुकलं. स्कॅन मोठा करून एकेक ओळ पाहिली. मग लक्षात आलं की काकांच्या चुकांना एक शिस्त आहे. भाग जर्मन बनावटीचा असला की युरो, अमेरिकन असला की डॉलर, बाकी सगळीकडे रुपये. प्रत्यक्षात काही जर्मन बेअरिंग ठाण्याच्याच व्यापाऱ्याकडून घेतलेली होती, रुपयांत. कागदावर ३,२०० रुपये होते, काकांच्या तक्त्यात ३,२०० युरो. प्रश्नचिन्ह एकाही ओळीत नव्हतं.

दुपारी ऑफिसात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "काका, ही ओळ जरा बघता?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तोंड पडद्याला टेकेल इतकं जवळ नेलं, मान तिरकी केली. बराच वेळ गेला.

"युरो," ते म्हणाले.

"रुपया आहे, काका," मी म्हटलं.

"मधोमध डाग दिसतो गं," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. आकडे मोठे केले की जमतात. हे चिन्ह बारीक छापलंय, ते नाही जमत. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येणार नाही."

"घरी माहितीय?"

"नाही. तूही कुणाला सांगू नकोस."

मी हो म्हटलं. त्यांच्या एकोणीस ओळी गुपचूप दुरुस्त केल्या. घरी गेल्यावर मात्र त्या दोन खेपा आठवल्या. त्या तर कारखान्यात पोचलेल्या होत्या. त्यावरून कुणी खरेदीची मागणी काढली असती तर? दुसऱ्या दिवशी काकांशी आधी बोलायचं असं ठरवून गेले, पण ते नेमके त्या दिवशी आले नाहीत. फोनही लागेना. कारखान्याचा माणूस मात्र यादी वापरायला घेतोय असं कळलं. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी कारखान्याला यादी थांबवायला सांगितलं आणि दोन्ही खेपा माझ्याकडे दिल्या. काकांना त्यांनीच संध्याकाळी फोन केला. मी त्यांच्याशी बोलण्याआधीच त्यांना कळलेलं. ते पुन्हा ऑफिसात आले नाहीत.

तीन आठवड्यांनी मी मानपाड्याला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला. काका खिडकीपाशी बसलेले.

"झाल्या का दोन्ही खेपा?" एवढंच त्यांनी विचारलं.

"झाल्या."

"किती चुका निघाल्या?"

"थोड्याच."

"खरं सांग."

"एकशे सहा, काका."

त्यांनी चहाचा कप हाताने चाचपून खाली ठेवला. काकू आतून बिस्किटं घेऊन आल्या, आमच्या दोघांकडे पाहून तशाच उभ्या राहिल्या.

"माफ करा काका, मी तुम्हाला शब्द दिलेला," मी म्हटलं.

"तू सांगितलंस ते बरोबरच केलंस," ते म्हणाले. "मला सांगवलं नाही."

त्यानंतर त्यांनी कामाचा विषय काढला नाही. मी निघाले तेव्हा काकू जिन्यापर्यंत आल्या. घरी तोवर सगळं कळलेलं होतं. "सकाळी पेपर उघडून बसतात," त्या म्हणाल्या, "तासभर. पान उलटत नाहीत."