सासू-सुनेचं एक लेबल

सूर्यमाळच्या एका पाड्यावर झालेल्या पाण्याच्या बैठकीचं रेकॉर्डिंग मी जव्हारच्या ऑफिसात ऐकत होते. लिहून काढण्याआधी कोण कधी बोललं ते संगणक वेगळं करतो, आणि त्याचं काम मी तपासते. त्या शहाण्याने एका सासू-सुनेला मिळून ‘वक्ता ३’ करून टाकलं होतं. सासूबाई घरच्या बोलीत हळू बोलत, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत सून तेच मराठीत मोठ्याने सांगे. आवाजावर आवाज चढलेला, त्याला तरी कसं कळणार? तरी मी चिडलेच. हेडफोन लावून एकेक तुकडा कापला आणि सासूबाईंना ‘वक्ता ७’ दिलं. दोघी एकदम बोलल्या तिथे दोन्ही लेबलं ठेवली.

शेवटी सासूबाईंचं एक वाक्य आलं. ती बोली मला कळते. त्या म्हणाल्या, “माझं झालं. आता तुझं सांग.”

एकाच लेबलखाली ते कुणी स्वतःशीच पुटपुटल्यासारखं वाटलं असतं.

मग सुनेचा आवाज आला, त्या बैठकीत पहिल्यांदाच हळू. “हंडे वाहून माझीपण मान दुखते.”