नारंगी तारखेखालचे बोट

वडील गेल्यावर आईने एकच फोटो भिंतीवर लावण्यासाठी निवडला. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मोकळ्या जागेवर, दोघे: वडील उभे, आई उजव्या कोपऱ्यात बसून मिरच्या उलथते आहे. दोघांचा एकत्र असा दुसरा फोटो नव्हता. अडचण त्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेल्या नारंगी तारखेची होती. कॅमेऱ्याचे सेल बदलल्यावर कोणी तारीख लावलीच नव्हती. तिच्यात भलतेच साल उमटले होते.

‘‘त्या सालले आमनं लगीन बी व्हयेल नव्हतं,’’ आई म्हणाली. ‘‘भिंतवर लाव, म्हंजे येनारा जानारा हाईच वाची बसतीन.’’

मी भौतिकशास्त्र शिकलेली आहे. तारीख म्हणजे काही आकडे, आकडे म्हणजे काही पिक्सेल. रविवारच्या दुपारी मी हे काम सहज हातावेगळे करीन, असा माझा हिशेब होता. स्कॅन केलेल्या फोटोतले आकडे मी कडेला अगदी चिकटून निवडले, ती निवड शेजारच्या मिरच्यांवर ओढून सोडली. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधले पॅच टूल तिथला पोत आणून निवडीत भरते आणि त्याचा रंग निवडीच्या कडेशी जुळवून घेते. आकडे गेले, त्यांच्या जागी नारंगी धुके उरले. शेवटचे दोन आकडे आईच्या बोटांवर होते. तिथे मी शेजारचे बोट नकलून बसवले आणि आजूबाजूचा रंग मिसळून घेणाऱ्या हीलिंग ब्रशने सांधा मिटवला. परिणाम मला नीटनेटका वाटला.

आईने लॅपटॉपपुढे चष्मा सरळ केला. वडिलांकडे तिने पाहिलेही नाही.

‘‘हाई बोट कोनं लायी दिनं? मन्हं नही.’’

दुसऱ्या दिवशी मूळ प्रिंट घेऊन आम्ही आमच्या धानोऱ्याहून नंदुरबारला, लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका जुन्या स्टुडिओत गेलो. मालक साठीचे, कॉलेजचे तोंड न पाहिलेले. त्यांनी प्रिंटवरची धूळ मऊ ब्रशने झटकली, नव्याने स्कॅन केले, चित्राच्या थराची, म्हणजे लेयरची, प्रत काढली आणि मूळ थर बिघडू नये म्हणून त्याला कुलूप लावले. मग आईची बोटाबद्दलची तक्रार ऐकून माझी फाइल शेजारी उघडली आणि ते थोडेसे हसले.

‘‘ताई, तुम्हीन आकडाले चिकटीसन कापं. त्यानी नारंगी झाक बाहेर राही गयी, तीच पुरी आत पसरनी. थोडं दूरतीन फिरा.’’

तापवलेल्या पत्र्याच्या कडांचे तापमान ठरले की आतले सगळे तापमान ठरते, हे गणित मी परीक्षेत पूर्ण गुणांनी सोडवले होते. पॅचच्या आतला रंगही असाच कडेवरून ठरतो. माझी कडच नारंगी होती. समीकरण मला येत होते. त्याचा अर्थ या माणसाच्या मनगटात होता.

मिरच्यांवरचे आकडे त्यांनी एकेक करून काढले. प्रत्येक आकड्यासाठी मिरच्या वेगळ्या जागेवरून घेतल्या. एकच मिरची दोनदा दिसली तर डोळा तिथेच अडतो, म्हणाले. बोटांपाशी येऊन मात्र त्यांनी माउस सोडला.

‘‘आकडाखाले काय व्हतं ते गयं. ते वापस येत नही. आक्का, हात ठेवा बरं टेबलवर, फोटोमा शे तसा.’’

आईने हात ठेवला. तर्जनीचे टोक आत वळलेले होते. लहानपणी कडबा तोडताना लागलेल्या विळ्याची ती खूण. मी हा हात आयुष्यभर पाहत आले होते, आणि फोटोत त्याच्यावर सरळ बोट बसवून मोकळी झाले होते.

‘‘विळा का?’’ त्यांनी विचारले.

‘‘हा. तवय मी धाकली व्हतू.’’

ते कधी हाताकडे, कधी पडद्याकडे पाहत राहिले. आधी रंग न मिसळता जसेच्या तसे नकलणाऱ्या क्लोन स्टॅम्पने बोटाची वळलेली कड बांधली, कारण कडेवरून हीलिंग ब्रश फिरवला तर मिरचीचा लाल रंग कातडीत उतरतो. मग फक्त बोटाच्या आतला भाग निवडून त्यात ब्रश चालवला, उरलेल्या कातडीचेच नमुने घेत. दर मिनिटाला चित्र लहान करून पाहत. मोठे करून पाहिलेले खरे नसते, असे त्यांचे मत. एकदा काम झाले असे मला वाटले, तेव्हा त्यांनी दहा मिनिटांचे काम मागे घेतले. नखाजवळ कातडी फार गुळगुळीत झाली होती.

‘‘ऱ्हाऊ दे भाऊ, इतलं कोन देखस,’’ आई म्हणाली.

‘‘तुम्हीनच देखं ना काल,’’ ते म्हणाले, आणि पुन्हा सुरुवात केली.

शेवटी त्यांनी खुर्ची मागे सरकवली. आई पडद्याजवळ वाकली. यावेळी ती बोटापाशी थांबली नाही. तिची नजर वर, वडिलांच्या चेहऱ्यापर्यंत गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

‘‘भिंतवर लावाले मोठा काढा,’’ ती त्यांना म्हणाली.