थांबलेली नाव

काझेउरा गावच्या तंत्रनिकेतनात गणित शिकवणारे त्सुबोई कियोताका हे नाकासमोर चालणारे गृहस्थ. सकाळी समुद्राकाठच्या रस्त्याने सायकलवर येणार, दुपारी बायकोने दिलेला डबा एकट्याने खाणार, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मागे वळून बघितलं तर अभिमानाची गोष्ट एकच होती: त्यांनी काढलेला प्रश्न कधी चुकीचा निघाला नव्हता. बाकीच्या शिक्षकांच्या पेपरांत दरवर्षी काहीतरी घोळ व्हायचा, मग सूचनाफलकावर माफीचा कागद लागायचा. त्सुबोईसरांचा कागद कधी लागला नाही. त्यांचं उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आमच्याकडे अशा माणसाला फार मान असतो, आणि मान फार झाला की त्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

त्यांचा आवडता प्रश्न नावेचा. फळ्यावर एका ओळीत चार वर्तुळं काढायची. दोन्ही टोकांची वर्तुळं दुहेरी, म्हणजे तिथे गेलेली नाव परत फिरत नाही. डावीकडे खडक, उजवीकडे बंदर. मधली दोन नुसती पाण्यातली ठिकाणं, पहिलं खडकाजवळचं, दुसरं बंदराजवळचं. घंटेचा एक टोला पडला की नावेची एक पाळी. चारात एक शक्यता डावीकडे जाण्याची, चारात एक उजवीकडे, आणि उरलेली अर्धी शक्यता आहे तिथेच थांबण्याची. नाव पहिल्या ठिकाणावरून निघाली, तर खडक नाहीतर बंदर गाठेपर्यंत सरासरी किती टोले पडतील?

पूर्वी प्रश्नातले आकडे दरवर्षी वेगळे असायचे, आणि थांबण्यासाठी ते प्रत्येक मधल्या वर्तुळावर एक वळसा काढायचे, त्याच वर्तुळातून निघून त्यातच परत येणारा बाण. पण मार्चच्या फेरपरीक्षेत आकृती छापायला जागा पुरेना, म्हणून त्यांनी वळसे गाळले आणि खाली ओळ टाकली: "बाणांतून उरलेली शक्यता म्हणजे तिथेच थांबणं." त्यात चूक काही नव्हती. कितीतरी लोक तसंच काढतात.

त्या फेरपरीक्षेला तिघंजण बसले होते. दोन मुलगे, आणि निशिवाकी फुयुमी नावाची मुलगी. फुयुमी चौथ्या वर्षात एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा त्याच वर्गात बसली होती, आणि एका वर्गात तिसऱ्यांदा बसू देत नाहीत. गणितात अडकली तर घरी. तिघांचे कागद तपासताना सरांनी मुलग्यांच्या उत्तरावर बरोबरचं लाल वर्तुळ काढलं, फुयुमीच्या उत्तरावर चुकीची तिरकी रेघ मारली. तेवढ्या एका प्रश्नाने ती नापास झाली. कागद परत देताना सरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "तपासण्यात काही चुकलं असेल तर आत्ताच या." कुणी आलं नाही. फुयुमी वाकून "आभारी आहे" म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच्या सहीने कॉलेज सोडलं. आमच्याकडे काढून टाकत नाहीत, सोडायला लावतात.

सरांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. बायकोजवळ ते म्हणालेही, "कष्टाळू होती पोरगी. पण गणित ते गणित." आणि जेवायला बसले.

मे महिन्यात नवीन चौथ्या वर्गाला त्यांनी तीच नाव फळ्यावर आणली, मार्चच्याच आकृतीवरून, वळशांविना. पहिल्या ठिकाणापासूनच्या सरासरीला त्यांनी 'क' म्हटलं. "एक टोला तर पडणारच. मग चारात एक शक्यतेने नाव शेजारच्या ठिकाणी. आकृती दोन्हीकडून सारखी, म्हणून तिथेही 'क'च. खडक आणि बंदराला शून्य. म्हणजे 'क' बरोबर एक अधिक 'क'चा चौथा भाग. उत्तर चार तृतीयांश." खडू झरझर चालला. मार्चचं उत्तरही हेच होतं.

"आता याच रीतीने मला सांगा, खडकावर जाण्याची शक्यता किती, बंदराला लागण्याची किती. हिरोसे, ये."

हिरोसे हा पोरगा जरा तोंडाळ. त्याने सरांच्याच रीतीने बाण धरून गणित मांडलं, उत्तरं लिहिली आणि खडू हातात धरून तिथेच उभा राहिला.

"काय रे, पुतळा झाला का तुझा?"

"सर, खडकावर पंधरातले चार. बंदराला पंधरातला एक. मिळून पंधरातले पाच."

"मग?"

"म्हणजे एक तृतीयांशच ना! बाकीच्या नावा कुठे गेल्या?"

"तू खाल्ल्यास," सर म्हणाले. वर्ग हसला. हिरोसेही हसला, पण जागेवर गेला नाही.

"नाही सर, खरंच. कधी ना कधी ती एका टोकाला जाणारच की. मग बेरीज एक यायला हवी."

सरांनी त्याच्या हातातून खडू घेतला. मुलांच्या चुका शोधायच्या तर त्यांना एक क्षणही पुरे व्हायचा. त्यांनी हिरोसेची मांडणी वरपासून खाली पाहिली, तिच्यात काही सापडलं नाही. मग शेजारी स्वतःची मांडणी पाहिली. एक अधिक 'क'चा चौथा भाग. थांबण्याची अर्धी शक्यता कुठे होती? आकृतीत बाण नव्हता म्हणून त्यांनी ती घेतलीच नव्हती. जागच्या जागी थांबलेल्या नावेला त्यांनी पोचलेली धरून शून्य दिलं होतं. खरं तर तिचा एक टोला वाया जाऊन तिला पुन्हा पूर्ण 'क' लागणार होता. 'क' बरोबर एक, अधिक 'क'चा अर्धा भाग, अधिक 'क'चा चौथा भाग. म्हणजे 'क'चा चौथा भाग एक. उत्तर चार.

चार. हे उत्तर त्यांनी मार्चमध्ये पाहिलं होतं, आणि स्वतःच्या हाताने त्यावर तिरकी रेघ मारली होती.

"सर, बसा ना," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला होता.

"हिरोसेचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं चुकलं. थांबण्याची शक्यता धरा, दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश येईल. बेरीज एक." एवढं कसंबसं बोलून ते वर्ग अर्ध्यावर टाकून बाहेर पडले. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

विभागप्रमुख मियाकेबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मार्चचा कागद काढून स्वतः गणित केलं, आणि पेन खाली ठेवलं.

"पण त्सुबोईसर, तिने स्वतः सोडलंय. सही तिची आहे."

"सही माझ्या चुकीवर केलेली आहे, बाई!"

"ओरडू नका. मी बैठक बोलावते. होईल असं मात्र सांगत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि त्या दोन मुलग्यांचं काय करायचं? ते पास होऊन पुढच्या वर्गात बसलेत."

याचा सरांनी विचारच केला नव्हता. चुकीच्या उत्तराला लाल वर्तुळ आणि बरोबर उत्तराला तिरकी रेघ, असा उलटा न्याय त्यांनी केला होता.

"त्यांचं राहू दे," ते म्हणाले. "त्यांनी माझ्याच आकृतीवर विश्वास ठेवला." आणि सायकल काढून थेट बंदराकडे गेले.

फुयुमीच्या आईचं मासळीच्या वड्या वाफवण्याचं छोटं दुकान होतं. आत वाफ कोंडलेली, जमीन ओली. फुयुमी रबरी बूट घालून वड्यांचं ताट उचलत होती. सरांना पाहून ती दचकली, डोक्यावरचा रुमाल काढून घाईघाईने वाकली. "सर! तुम्ही इकडे? आई, सर आलेत गं!"

आई हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर मुलीबद्दलची लाज होती. ती पाहून सर वाकले, कमरेतून, आणि तसेच राहिले.

"अहो सर, हे काय! उठा ना," आई घाबरून म्हणाली.

"निशिवाकी," ते जमिनीकडे बघतच म्हणाले, "नावेच्या प्रश्नाचं उत्तर चार आहे."

वाफेच्या भांड्याचं झाकण वाजत होतं. मग फुयुमीने विचारलं, "चार तृतीयांश नाही?"

"नाही. मी चुकलो. तुझं बरोबर होतं."

"मला वाटलंच होतं," ती पटकन म्हणून गेली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "म्हणजे तसं नाही सर. नुसतं जागेवरून हलायलाच सरासरी दोन टोले लागतात ना, कारण अर्ध्या वेळा ती हलतच नाही. मग टोकाला पोचायला दोनापेक्षा कमी कसे लागतील, हेच मला कळत नव्हतं. इथे भट्टीशी बसल्या बसल्या दोन नाणी उडवून पण बघते मी. दोन्ही छापे आले की उजवीकडे, दोन्ही काटे आले की डावीकडे, एकेक आलं तर तिथेच. रोज करते. सरासरी चारच्या आसपासच येते."

"मग तू आली का नाहीस? मी विचारलं होतं, चुकलं असेल तर या म्हणून!"

फुयुमीने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "तुमचं चुकेल असं कसं वाटेल सर? मला वाटलं, माझ्या समजण्यातच काहीतरी खोट आहे. ती शोधत होते मी. नाणी त्याचसाठी."

दोन महिने ही मुलगी रोज बरोबर उत्तर काढत होती आणि रोज स्वतःला चुकीची ठरवत होती. त्यांनी घाईघाईने बैठकीचं सांगितलं, मियाकेबाईंचं सांगितलं, सगळ्यांसमोर आपण सही करून चूक कबूल करू, माफीचा कागद लावू, गरज पडली तर मंत्रालयापर्यंत जाऊ, असं बरंच बोलत सुटले. आई पदर लावावा तसा तोंडाला एप्रन लावून रडू लागली.

फुयुमी मात्र रडली नाही. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद येईल म्हणून सर बघत राहिले, पण आला तो राग, आणि तोही हळूहळू, स्वतःलाच न पटल्यासारखा.

"सर," ती म्हणाली, "मी ढ आहे हे मी मान्य करून टाकलं होतं. शेजाऱ्यांना सांगितलं, आजोबांना सांगितलं. सगळ्यांनी मान्य केलं. बैठक तुम्ही घ्याल, पण या सगळ्यांना परत कोण सांगणार?"

"मी सांगेन," सर म्हणाले. "घरोघर जाऊन सांगेन."

"आणि मला?"

चौतीस वर्षं वर्गात उत्तरं देणाऱ्या त्सुबोईसरांनी भट्टीजवळ पडलेली दोन नाणी उचलून तिच्या हातात ठेवली.