बाईंची दिवेलागण

शिवकांताबाई मूळच्या औशाच्या. सगळी नोकरी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून आमच्या लातूरच्या क्लासमध्ये मुलांच्या शंका सोडवायला आल्या. मुलं अडलेल्या प्रश्नाचा फोटो ॲपवर टाकतात आणि आम्ही तिघं उत्तर पाठवतो. मी भौतिकशास्त्र, मलप्पा सर जीवशास्त्र, बाई रसायन. आमचा आपसातला चॅट ग्रुप वेगळा, आणि त्यावर आलोक नावाच्या तरुण कारभाऱ्याची नजर.

बाईंची वेळ ठरलेली. देवापाशी दिवा लावायच्या, पदराला हात पुसायच्या आणि ग्रुपवर लिहायच्या, 'बसले.' क्लासच्या हॉस्टेलमधल्या पोरांना फोन मिळतो तोही संध्याकाळी सात ते आठ एवढाच. बाकी दिवसभर तो वॉर्डनच्या कपाटात. त्यामुळे बाईंचा दिवा आणि पोरांचा फोन यांचं छान जमलं होतं.

जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी बाई कॅनडात, एडमंटनला गेल्या. पोचल्यावर ग्रुपवर मेसेज आला. 'सुखरूप पोचले. इराला मुलगी झाली. आता इथूनच काम करीन. इथली वेळ वेगळी आहे, पण काळजी नसावी. नेहमीसारखी दिवेलागणीला बसत जाईन.'

आम्ही सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. दिवेलागण म्हणजे दिवेलागण, त्यात विचारायचं काय! एवढे शिकलेसवरलेले आम्ही, एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

त्यानंतर संध्याकाळी बाईंचा पत्ताच नसे. 'बसले' यायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरं वर्गात असताना. बाई मन लावून उत्तरं लिहायच्या आणि पलीकडे कुणीच नसायचं. संध्याकाळी पोरं ती वाचून पुढचं विचारायची, तेव्हा बाई नसायच्या. अखेर शनिवारी आलोकनं लिहिलं, 'बाई, पोरं वाट बघून राहिलीत. तिकडून जमत नसंल तर सांगा. रसायनाला दुसरं कुणी बघतो.'

मला त्याचा राग आला आणि बाईंचाही. रविवारी सकाळी चहा घेता घेता मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर नात. मागे मधासारखं पिवळं ऊन, लांबच लांब सावल्या, आणि सगळं कसं थांबून राहिल्यासारखं. क्षणभर मी काय बोलायला फोन केला तेच विसरले.

"बाई, दिवा लावला का?"

"न्हाई गं देविका. अजून ऊन हाय बघ. रात्रीचे पावणेदहा झाले, पण इथला दिवस काही मावळायचं नाव घेईना. ही पण झोपंना. मी आपली वाट बघत बसते. मावळला की दिवा लावते, मग बसते कामाला."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. "अहो बाई, तुमच्या सूर्याची वाट लातूरच्या पोरांनी किती बघायची? तुमची दिवेलागण होते तेव्हा इथं साडेनऊ वाजून गेलेले असतात, सकाळचे!"

बाई नातीच्या टाळूवरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, आता म्हातारीची गरज सरली. आलोकचा मेसेज वाचला आणि लई रडले. पोरांनी विचारलं न्हाई, तर मी कशाला उठायचं सकाळी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. माझेही डोळे भरून आले.

कॉल संपला आणि थोड्याच वेळात ग्रुपवर त्यांचा मेसेज दिसला. 'माझी चूक झाली. मी इथला सूर्य धरून चालले. आता घड्याळ धरून सांगते. एडमंटन सध्या लातूरच्या साडेअकरा तास मागे आहे. तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे इथले त्याच दिवशी सकाळचे साडेसात. रोज लातूरच्या सात ते आठ मी हजर असेन. त्याआधी काही आलं तर मी झोपेत असेन, रागावू नये.'

मलप्पा सरांनी लिहिलं, 'हाव बाई, आता कळलं.'  आलोकच्या शनिवारच्या मेसेजच्या जागी 'हा मेसेज हटवण्यात आला' असं दिसू लागलं.

संध्याकाळी सातला मी हॉस्टेलच्या बाहेर उभी होते. आत पोरांना फोन मिळाल्याचा गलका चालला होता. ग्रुपवर एक फोटो आला. खिडकीत सकाळचं लख्ख ऊन आणि त्यात लावलेली समई. ज्योत नीट दिसतही नव्हती.

मलप्पा सरांनी विचारलं, 'बाई, भर उन्हात दिवा?'

बाईंनी लिहिलं, 'लातूरला दिवस मावळला ना. बसले.'